तेल पातेल्यात कमी, ताटात ज्याचं त्याला

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. लोकांना तक्ते लिहून देते. गेल्या वर्षी नवऱ्याच्या पोटाचा घेर १०२ सेंटीमीटर भरला (भारतीय पुरुषांसाठी ९० च्या पुढे धोक्याची खूण मानतात), तेव्हा त्यालाही तक्ता लिहून दिला. सकाळी ओट्स, दुपारी दलिया, रात्री सूप आणि भाजलेल्या भाज्या. बाकीच्यांसाठी नेहमीचा स्वयंपाक वेगळा. गॅसला शेगड्या दोनच. अकराव्या दिवशी रात्री नऊ वाजता मी सूपचं पातेलं उतरवून आमटीचं चढवत होते, आणि तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून आमटीचा वास घेत होता. बाराव्या दिवशी तक्ता फ्रिजवरून काढून टाकला.

घरात चार माणसं, आणि चौघांच्या गरजा चार तऱ्हेच्या. नवरा ४६ वर्षांचा, वजन ८४ किलो, त्याची चरबी उतरवायची आहे. मुलगा १४ वर्षांचा, रोज फुटबॉल खेळतो, त्याला दर दोन तासांनी भूक लागते. सासूबाई ७३ वर्षांच्या, वजन ४६ किलो. त्यांचं अर्धा किलोसुद्धा कमी होऊन चालणार नाही. आणि मी, आहे तिथेच राहायचं म्हणणारी. सगळ्यांसाठी ‘डाएटचं’ जेवण केलं तर मुलगा आणि सासूबाई उपाशी राहतात. सगळ्यांसाठी नेहमीचं केलं तर नवऱ्याने फक्त कमी खायचं, म्हणजे तो उपाशी.

यातून वाट सापडली ती एका साध्या निरीक्षणामुळे. भाजीत तेल पडलं की ते परत काढता येत नाही. वरून मात्र कधीही घालता येतं. मग पातेल्यातलं अन्न ज्याची गरज सगळ्यात कमी आहे त्याच्या मापाने शिजवायचं, आणि ज्यांना जास्त हवं त्यांना ते ताटात वाढायचं. यात नवीन काही नाही. पिठल्यावर वरून लसणाची फोडणी, भाकरीच्या चटणीवर कच्चं तेल, मुगाच्या खिचडीवर तूप, वरणभातावर तुपाची धार या सगळ्या गोष्टी आपण पानातच वाढत आलो आहोत. मी फक्त ही पद्धत उसळ, भाजी, आमटी आणि कोशिंबिरीपर्यंत नेली.

आता हे तेलालाच का लागू करायचं ते बघू. पोळीच्या कणकेत किंवा कच्च्या तांदळात एका ग्रॅमला साधारण साडेतीन कॅलरी असतात, तेला-तुपात नऊ. शिवाय तेलाला आकार नाही. एक पोळी जास्त खाल्ली तर कळतं, भाजीत एक चमचा तेल जास्त गेलं तर ना डोळ्याला कळतं ना पोटाला. आमच्या घरी किती जातं हे मलाच माहीत नव्हतं. एका संध्याकाळी खोकल्याच्या औषधाबरोबर येतं ते मापाचं झाकण घेतलं आणि तेलाच्या भांड्यातली पळी त्यात ओतून बघितली. एक पळी २० मिलिलिटर निघाली. उसळीला मी अंदाजाने दोन पळ्या घालायचे, म्हणजे ४० मिलिलिटर, जवळजवळ सव्वातीनशे कॅलरी. मी स्वतःला ‘बेताचं तेल वापरणारी’ समजत होते.

महिन्याचा हिशेब याहून सोपा आहे आणि तो कुणीही करू शकतो. आमचा पाच लिटरचा डबा तीस दिवस पुरायचा. पाच लिटर तेल म्हणजे साधारण ४५५० ग्रॅम. चार माणसं, तीस दिवस, म्हणजे माणशी रोज ३८ ग्रॅम, सुमारे ३४० कॅलरी. त्यात तूप धरलेलं नाही आणि बाहेरचं खाणंही नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत २००० कॅलरींच्या दिवसाच्या ताटात तेल-तूप मिळून सुमारे २७ ग्रॅम धरलेलं आहे. तळणीचं उरलेलं तेल टाकून दिलं असेल, पाहुणे येऊन गेले असतील तर आकडा थोडा खाली येईल, पण कल्पना यायला एवढा पुरे. तुमच्या डब्यावर मार्करने उघडल्याची तारीख लिहून ठेवा. महिनाभराने उत्तर हातात येईल.

एक रात्रीचं जेवण सविस्तर सांगते. मटकीची उसळ, वरणभात, पोळी, काकडीची कोशिंबीर. मटकी दीडशे ग्रॅम, कोरडी मोजलेली. भिजवून, फडक्यात बांधून मोड आणलेली. यात सहा वाट्या उसळ होते.

आधी पातेल्यातली उसळ. दहाच मिलिलिटर तेल, म्हणजे दोन चहाचे चमचे. एवढं तेल मोठ्या कढईत पसरलं की फोडणी नीट होत नाही, मोहरी तडतडायच्या आधी जळते. म्हणून कढई तिरकी धरायची, तेल एका कडेला जमू द्यायचं आणि तिथेच मोहरी, हिंग, हळद घालायची. फोडणी पूर्णपणे गाळू नका, कारण हिंगाचा आणि मसाल्यांचा वास तेलातच उतरतो. बिनतेलाची उसळ उकडलेल्या मटकीसारखी लागते आणि चौथ्या दिवशी घरातले सगळे मिळून बंड करतात. मग कांदा घालून त्यावर लगेच चिमूटभर मीठ. मिठाने कांद्याला पाणी सुटतं आणि तो त्या पाण्यातच मऊ होतो. खाली लागायला लागला की हात तेलाच्या भांड्याकडे जातो, तिथे थांबायचं आणि दोन चमचे गरम पाणी शिंपडायचं. आलं-लसूण, तिखट, गोडा मसाला, मटकी, आणि वर झाकणात पाणी ठेवून वाफ. हे झाकणातलं पाणीच पुढे उसळीत ओतायचं. शेवटी आमसूल, मीठ, सुपारीएवढा गूळ. दाण्याचं कूट आणि खोबरं पातेल्यात नाही.

आता दुसरी फोडणी. जेवायला बसायच्या आधी लहान कढल्यात वीस मिलिलिटर तेल तापवायचं, ठेचलेला लसूण त्यात लालसर होऊ द्यायचा, सुकी मिरची टाकायची, गॅस बंद करायचा आणि मग तिखट घालायचं. गॅस चालू असताना तिखट घातलं तर ते काळं पडतं, घर खोकतं आणि फोडणी कडू होते. हे कढलं, दाण्याच्या कुटाची वाटी, ओलं खोबरं आणि तुपाचं भांडं टेबलाच्या मधोमध ठेवायचं, लोणच्या-चटणीसारखं. पातेली मात्र ओट्यावरच राहू द्यायची.

वाढताना मुलाच्या उसळीवर फोडणीचे दोन चमचे, मूठभर कूट, खोबरं. सासूबाईंना तिखट सोसत नाही, म्हणून त्यांना फोडणी नाही. त्यांच्या मऊ भातावर दोन चमचे तूप आणि उसळीवर खोबरं. मला अर्धा चमचा फोडणी. नवऱ्याला पातेल्यातली उसळ आहे तशी, पण दोन वाट्या.

दोन वाट्या हा यातला महत्त्वाचा भाग आहे. पूर्वी तो एक वाटी उसळ आणि घडीच्या तीन पोळ्या खायचा. पस्तीस ग्रॅम कणकेची पोळी, घडीला आणि वरून मिळून एक चमचा तेल, म्हणजे एक पोळी दीडशेच्या थोडी वर. तीन पोळ्यांच्या साधारण ४६५ कॅलरी. दीड वाटी भात सव्वादोनशे. वरण आणि त्यावरचं तूप १३५. कूट, खोबरं आणि भरपूर तेल घातलेली उसळ १८०. कूट आणि फोडणी घातलेली कोशिंबीर पन्नास. एकूण १०५५.

आता त्याच कणकेच्या गोळ्यांमधून त्याच्यासाठी दोन फुलके, तेलाशिवाय: २३०. भात अर्धी वाटी: ७५. वरण पूर्ण वाटी आणि तूप अर्धा चमचा: ११०. उसळ दोन वाट्या: १९५. दही घालून मोठी वाटीभर कोशिंबीर: साठ. एकूण ६७०. म्हणजे ३८५ कॅलरी कमी, आणि ताट आधीपेक्षा जास्त भरलेलं. प्रथिनं दोन्ही ताटांत सारखीच, सत्तावीस-अठ्ठावीस ग्रॅमच्या आसपास. पोळी-भाताने गेलेली उसळीने भरून दिली. वजन उतरताना स्नायू टिकायला आणि दहा वाजता फ्रिज उघडला जाऊ नये यासाठी हे लागतं. नुसती पोळी काढून घेतली आणि उसळ वाढवली नाही तर दोन आठवड्यांत माणूस चिवड्याच्या डब्यापाशी सापडतो. आमचा सापडला होता.

अर्धा चमचा तूप मुद्दाम ठेवलं आहे. पहिल्या दिवशी मी ते ठेवलं नव्हतं. सासूबाईंनी त्याच्या पानाकडे बघितलं आणि म्हणाल्या, “अगं, भातावर तूप नाही वाढलंस?” मी समजावायला लागले, तर त्यांनी स्वतःच चमचा उचलून घसघशीत तूप घातलं. वीस कॅलरींसाठी भांडण नको आणि त्यातून नव्वद कॅलरींचं तूप नको, म्हणून आता मीच आधी अर्धा चमचा घालते.

भाकरीबद्दल इथेच सांगून टाकते, कारण ‘पोळी सोडून भाकरी सुरू केली’ हे मी रोज ऐकते. ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठात कॅलरी जवळजवळ सारख्याच. आमच्याकडे सासूबाई थापतात त्या भाकरीचं पीठ वजन केलं तर ८० ग्रॅम भरलं, म्हणजे एक भाकरी सुमारे २७० कॅलरी, दोन फुलक्यांपेक्षा जास्तच. भाकरीला तेल लागत नाही आणि ती चावायला वेळ लागतो, हे तिचे गुण खरेच. पण दोन पोळ्यांच्या जागी दोन भाकऱ्या खाल्ल्या तर वजन वाढेल. आम्ही एक भाकरी तव्यावरून उतरली की मोडतो, दोन तृतीयांश त्याला, उरलेली मला.

रश्शाच्या दिवशी पातेलं आपली अर्धी मदत स्वतःच करतं. तेल पाण्यावर तरंगतं, म्हणून मटणाच्या किंवा कटाच्या आमटीचा तवंग पाच मिनिटं शांत ठेवला की वर जमतो. वरच्या दोन पळ्या वाटीत काढून ठेवायच्या. मुलाला ती तर्री भातावर हवीच असते. नवऱ्याला खालून वाढायचं. उलटं झालं, म्हणजे ‘मी फक्त रस्सा घेतो, मटण नको’ असं म्हणून त्याने वरचाच रस्सा घेतला, तर त्याने प्रथिनं सोडून चरबी घेतली. असं लोक फार वेळा करतात.

सगळे पदार्थ असे दोन टप्प्यांत होत नाहीत, आणि ते ओढूनताणून करूही नयेत. साबुदाण्याच्या खिचडीत साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात कूट आणि तूप. कूट वगळलं तर तिची गोंदासारखी गुठळी होते. भरल्या वांग्यातून कूट काढलं तर भरायचं काय? थालीपिठाला भोकात तेल सोडावंच लागतं. अशा दिवशी फक्त मोजून वाढते: लहान वाटी खिचडी, मोठा पेला ताक आणि एक अख्खी काकडी, किंवा एक भरलं वांगं आणि बाकी वाटी कोशिंबिरीची. पुरणपोळीच्या दिवशी हिशेब करत नाही. वर्षातून चार वेळा येते ती.

पोह्यांत मात्र एक गंमत आहे. शेंगदाणे आपण तेलात तळून पोह्यांत मिसळतो, त्यासाठीच तेल जास्त लागतं. दाणे कोरडे भाजून वेगळे ठेवले तर चार जणांचे पोहे चार चमचे तेलात होतात, आणि दाणे ज्याला हवे त्याने वरून घ्यावेत.

बिघडतं कुठे, तेही सांगायला हवं. पहिली चूक म्हणजे वरची फोडणी ‘थोडी उरली आहे’ म्हणून जेवणानंतर पातेल्यात ओतणं. मग दुसऱ्या दिवशीचा डबा पुन्हा पूर्वीसारखा. दुसरी चूक स्वयंपाक करणाऱ्याची: पातेल्याला लागलेलं, मुलाच्या ताटातलं उरलेलं, चव बघताना तीनदा घेतलेलं. ज्याला वजन उतरवायचं आहे तोच स्वयंपाक करत असेल तर ही दीडशे-दोनशे कॅलरींची गळती सहज होते आणि ती कुठल्याच हिशेबात येत नाही.

तिसरी चूक सगळ्यात गंभीर, आणि ती वजन उतरवणाऱ्याच्या बाबतीत घडत नाही. पातेलं हलकं झालं, पण वरची भर ज्यांना हवी त्यांच्यापर्यंत पोचली नाही, असं होतं. मुलगा घाईत असतो, कूट घालायला विसरतो. म्हाताऱ्या माणसांना मागायचा संकोच वाटतो. आमच्याकडे पहिल्या महिन्यात सासूबाईंचं वजन ४६ वरून ४५.२ झालं. त्या वयात जे जातं त्यात स्नायूही जातात आणि ते परत येणं अवघड. तेव्हापासून त्यांची भर मी टेबलावर ठेवत नाही, स्वतः वाढते, आणि दुपारी एक कप साईसकट दूध जास्त. दुधाची पिशवीही बदललेली नाही. घरभर कमी साईचं दूध आणणं हा असाच एकासाठी सगळ्यांना शिक्षा करण्याचा प्रकार. नवऱ्याच्या चहाला साय काढलेलं दूध, एवढंच. म्हणून महिन्यातून एकदा काट्यावर चौघांनी उभं राहायचं. उतरायचं आहे त्याचं उतरलं आणि बाकीच्यांचं जागेवर राहिलं (मुलाचं तर वाढलं), तरच पद्धत चालली असं समजायचं.

उतरण्याचा वेगही नीट समजून घ्या. एक किलो चरबीत अंदाजे ७७०० कॅलरी धरतात. रोज ३८५ म्हणजे महिन्याला साडेअकरा हजार. कागदावर दीड किलो. प्रत्यक्षात एका लग्नाच्या जेवणात तीन दिवसांची बचत जाते, आणि वजन उतरतं तशी शरीराची गरजही थोडी कमी होते. महिन्याला एक किलो दिसलं तर उत्तम. पहिल्या आठवड्यात भात-पोळी कमी झाल्यावर एक-दीड किलो एकदम जातं, ते बहुतेक पाणी असतं. त्याने हुरळू नये आणि तिसऱ्या आठवड्यात काटा अडला म्हणून घाबरू नये. काट्यापेक्षा बेंबीपाशी लावलेली टेप जास्त खरं सांगते. चार महिन्यांत आमच्याकडे ती १०२ वरून ९७ वर आली, वजन ८४ वरून ८०. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्याने मात्र पोळी-भात असा निम्म्यावर आणण्याआधी डॉक्टरांशी बोलावं, कारण औषध तेच राहिलं आणि पिष्ट कमी झालं तर साखर फार खाली जाऊ शकते.

तेलाचा डबा आता ४४ दिवस जातो. आणि उसळ उरली तर ती बिनफोडणीची, बिनकुटाची असते, त्यामुळे सकाळी तिचं काहीही होऊ शकतं. मुलगा तिच्यावर ताजी फोडणी, फरसाण आणि पाव घेऊन मिसळ करतो. नवरा त्याच उसळीवर कच्चा कांदा, टोमॅटो, कोथिंबीर आणि लिंबू पिळून खातो, आणि मुलाच्या फरसाणातली चिमूटभर शेव उचलतो. ती मी मोजत नाही.